कूलर रिकामा केला, मग अळ्या आल्या कुठून? सोसायटीत डेंग्यूवर दहा मिनिटं बोलायचं असेल तर

नागपुरात आणि एकूणच विदर्भात पाऊस लागला की कूलर बंद होतो, पण खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवरून तो खाली काही उतरत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत पंप बंद ठेवून नुसता पंखा फिरवायचा, ही बहुतेक घरांची सवय. "आमचा कूलर तर बंदच आहे" असं त्या घरातली माणसं अगदी खरेपणानं सांगतात, आणि त्याच कूलरच्या तळात चार बोटं पाणी असतं. वर पावसाची भर पडतच असते. डेंग्यूचे रुग्ण साधारण ऑगस्टपासून वाढतात, म्हणून सोसायटीत या विषयावर बोलायचं ते जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला. पहिला रुग्ण सापडल्यावर सभा बोलावली तर सगळी चर्चा फवारणीवर जाते आणि कूलर बाजूलाच राहतो.

बोलणं दहा मिनिटांचं ठेवा, कूलर साफ करून दाखवायचा वेळ वेगळा. सभागृह असलं तरी तिथे नको. पार्किंगमध्ये, एखादा खरा कूलर मध्ये ठेवून बोला. "डेंग्यू म्हणजे काय" इथून सुरुवात केली की लोक मोबाइल काढतात, कारण तेवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांना ठाऊक नसतं ते हे की पाणी ओतून दिल्यावरही डासाची अंडी कूलरमध्येच राहतात. भाषणाचा गाभा एवढाच ठेवा.

आदल्या दिवशी

सोसायटीतल्याच एखाद्या कूलरमधून किंवा कुंडीखालच्या ताटलीतून अळ्या मिळवा. कूलरची जाळीची बाजू हळूच काढायची, टॉर्चचा झोत पाण्यावर टाकायचा आणि मिनिटभर हलायचं नाही. सावली पडली की अळ्या बुडी मारतात, म्हणून घाईनं पाहणाऱ्याला पाणी स्वच्छ दिसतं. थोडं थांबलं की त्या श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. डेंग्यूच्या डासाची, म्हणजे एडिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडून टेकून डोकं खाली करून तिरपी लटकते. मलेरियाच्या डासाची अळी पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असते. स्वल्पविरामासारखे वाकलेले, टुणकन उड्या मारणारे जीव दिसले तर ते कोष. त्यांचे दोनेक दिवसांत डास होणार.

पांढऱ्या वाटीनं किंवा वरणाच्या पळीनं पाणी कडेकडून उचला आणि काचेच्या बरणीत भरा. बरणीच्या तोंडावर मच्छरदाणीचं कापड रबरबँडनं घट्ट बांधा. सभा झाली की त्या पाण्यात साबण किंवा उकळतं पाणी घालून अळ्या मारायच्या, हे विसरून चालणार नाही. बरणी कुणाच्या घरातली हे कुणालाही सांगू नका. एकदा "तीनशे दोनवाल्यांकडे सापडल्या" असं ग्रुपवर पडलं की पुढच्या आठवड्यात तीनशे दोनचं दार उघडत नाही.

बरणीबरोबर तीन वस्तू हव्यात: भांडी घासायचा तारेचा नाहीतर कडक प्लास्टिकचा ब्रश, टॉर्च आणि मीटरभर नायलॉनची जाळी.

बोलायला सुरुवात

बरणी हातोहात फिरू द्या आणि तेवढ्यात बोलायला लागा. शब्द तुमचे असू देत, पण साधारण असे:

"मंडळी, या अळ्या आपल्याच आवारातल्या आहेत. गटारातल्या नाहीत. हा डास घाण पाण्यात फारसा जात नाही, त्याला आपल्या घरचं साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. तो दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी जास्त. फार लांब उडत नाही, बहुतेक आयुष्य शेदोनशे मीटरमध्येच काढतो. म्हणजे आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या बिल्डिंगमध्ये जन्मलेला असतो."

हे शेवटचं वाक्य सावकाश म्हणा. नाल्याला आणि महापालिकेला दोष देऊन मोकळं व्हायची वाट तिथेच बंद होते. उघड्या नाल्यातही डास होतात, पण ते मुख्यतः क्युलेक्स. ते रात्री चावतात, झोपमोड करतात, डेंग्यू पसरवत नाहीत.

कूलर उघडून दाखवा

आता मध्ये ठेवलेला कूलर उघडा आणि टाकीच्या आतल्या भिंतीवर टॉर्च मारा. जिथवर पाणी होतं तिथे क्षारांची पांढुरकी रेघ दिसेल. एडिसची मादी पाण्यात अंडी सोडत नाही. ती अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवते. एका खेपेला शंभरच्या आसपास, आणि तीही बऱ्याचदा एकाच भांड्यात नाही, चार ठिकाणी वाटून. अंडी काळी, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बरीच लहान. गंजलेल्या पत्र्यावर ती नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाहीत. ही अंडी वाळली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच टिकतात. पुन्हा पाणी चढलं की काही तासांत त्यातून अळ्या बाहेर येऊ लागतात.

इथे दोन सवयी अडचणीच्या ठरतात. पहिली, कूलर आडवा करून पाणी ओतायचं आणि तसाच पुन्हा भरायचा. अंडी भिंतीलाच असतात, नव्या पाण्यानं ती भिजतात आणि पुढच्या आठवड्यात अळ्या तयार. दुसरी, रोज वरून पाइप लावून पाणी "ताजं" करायचं. यात पातळी खालीवर होत राहते, म्हणजे अंड्यांना हवं तेच आपण करून देतो.

आणखी एक गोष्ट पत्र्याच्या कूलरमध्ये प्रत्यक्ष दाखवण्यासारखी आहे. तळाचं बूच काढलं तरी सगळं पाणी जात नाही. बुचाची कड तळापेक्षा थोडी उंच असते, कूलर स्टँडवर जरा कललेला असतो आणि कोपऱ्यात बोटभर पाणी उरतं. पंपाची चाळणी तर तळाच्या वरच असते, त्यामुळे पंप चालवून टाकी रिकामी केली तरी तेवढं पाणी राहतंच. अळ्यांना तेवढं पुरतं. उरलेलं पाणी फडक्यानं टिपून काढावं लागतं.

मग सगळ्यांसमोर एक कूलर साफ करून दाखवा, सांगत बसू नका. आधी प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या कूलरमध्ये पत्र्याला करंट उतरलेला असू शकतो. बूच काढून पाणी कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या फरशीवर ओतायचं, नालीत नाही. नालीत पाणी साचलेलं असेल तर अळ्या तिथे वाढत राहतात. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं आतल्या चारही भिंती घासायच्या, रेघेच्या वर वीतभर आणि खाली तळापर्यंत. पंपाखाली, पाइपच्या बेचक्यात आणि कोपऱ्यात ब्रश जोरानं फिरवायचा. पाण्यानं धुवायचं, तळ फडक्यानं कोरडा करायचा आणि बाजूच्या जाळ्या उघड्या ठेवून उन्हात वाळू द्यायचं. एका कूलरला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे लोकांच्या डोळ्यांसमोर झालं की "वेळ कुठे आहे" ही तक्रार बरीच मऊ होते.

कूलरच्या ताट्या, म्हणजे लाकडाचा भुसा किंवा वाळा भरलेल्या जाळ्या, पावसाळ्यात कूलरमध्ये ठेवू नयेत. ओल धरून त्या कुजतात आणि त्यांच्या खालच्या कडेलाही अंडी चिकटलेली असू शकतात. जुना भुसा पिशवीत बांधून घंटागाडीत द्या, बागेत टाकू नका. दिवाळीपर्यंत कूलर लागणार नसेल तर घासून, वाळवून, बूच काढून ठेवून वर ताडपत्री घाला. ताडपत्रीला खोलगट वळी पडू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरच साठेल.

आठवड्यातून एकदाच का, आणि त्यातही एक दिवस का चुकवायचा नाही

हा प्रश्न सभेत हमखास येतो. पावसाळ्याच्या उकाड्यात अंडं भिजल्यापासून डास उडेपर्यंत सात ते दहा दिवस जातात. अळीची अवस्था चार-पाच दिवसांची आणि कोषाची दोनेक दिवसांची. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून सगळं पाणी रिकामं करायचं, ज्याला आरोग्य खात्यात कोरडा दिवस म्हणतात. रविवारी साफ केलं आणि पुढचा रविवार लग्नाला गेल्यामुळे हुकला, तर चौदा दिवसांचं अंतर पडलं. तेवढ्या काळात एक आख्खी पिढी उडून जाते. म्हणून "महिन्यातून चारदा" असं न म्हणता "दर रविवारी, सात दिवसांनी" असंच सांगा.

दुसरा धक्का तीन आठवड्यांनी बसतो, आणि बहुतेक सोसायट्या इथेच हात टेकतात. सगळ्यांनी कूलर घासले, तरीही वीस दिवसांनी दोन जणांना डेंग्यू निघाला. "काही उपयोग नाही हो" असं लगेच ऐकू येतं. हिशेब मांडून दाखवा. समजा आज पहिल्या मजल्यावरच्या मुलाला ताप आला. त्याला चार ते दहा दिवसांपूर्वी डास चावला होता. तो डास त्याच्या आधी एखाद्या आजारी माणसाला चावला होता आणि त्याच्या शरीरात विषाणू तयार व्हायला आठ ते बारा दिवस लागले. त्याही आधी तो डास कुठल्या तरी पाण्यात आठवडाभर वाढला होता. सगळं मिळून तीन ते चार आठवडे होतात. आज दिसणारा ताप हा महिनाभरापूर्वीच्या पाण्याचा आहे, आणि आजच्या घासण्याचा परिणाम दिसेल तो पुढच्या महिन्यात. हे आधीच सांगून ठेवलं तर लोक मध्येच सोडत नाहीत.

टाक्या

कूलर रिकामा करता येतो, वीस हजार लिटरची टाकी दर आठवड्याला नाही. म्हणून टाकीचा नियम वेगळा: डासाला आतच जाऊ द्यायचं नाही.

गच्चीवर जाताना चारपाच जणांना सोबत घ्या, सगळी गर्दी नको. प्लास्टिकच्या टाकीचं झाकण पाहा. प्लंबर फ्लोट बघायला झाकण काढतो, परत लावताना आट्यांत बसवत नाही, नुसतं ठेवून जातो. ते वाऱ्यानं सरकतं किंवा तिरपं बसतं. झाकण चिरलं असेल तर नवीन घ्या, तोवर जाळी टाकून तारेनं बांधा. सिमेंटच्या टाकीवरच्या लोखंडी झाकणाला गंजून भोकं पडतात, तीही बुजवायला हवीत. मग ओव्हरफ्लोचा पाइप आणि हवेचा पाइप. दोन्ही उघडे असतात आणि डासाला आत शिरायला तेवढी जागा पुष्कळ. त्यांच्या तोंडावर नायलॉनची जाळी घालून तारेनं किंवा धातूच्या क्लॅम्पनं आवळा. सुतळी आणि रबर उन्हात महिन्याभरात तुटतात. जाळीची भोकं मच्छरदाणीएवढी बारीक हवीत, माशा अडवायची जाड जाळी उपयोगाची नाही. झाकणावर मधोमध खळगा असेल तर तिथे साचलेलं पाणी रोज झाडूनं उडवा, झाकणाच्या वरही अळ्या सापडतात.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण बहुधा पार्किंगमध्ये असतं आणि टँकर आला की उघडून तसंच ठेवलं जातं. टँकरवाला गेल्यावर झाकण लावायचं काम वॉचमनचं, हे लिहून त्याच्या टेबलावर चिकटवा. आतल्या अळ्या पाहायला आत डोकं घालू नका. बंद टाकीत गुदमरून माणसं मेली आहेत, आणि टाकी साफ करायलाही कुणी एकट्यानं उतरू नये.

टाकीत अळ्या आहेत का, हे गच्चीवर न चढता ओळखायचं असेल तर नळाला पांढरं मलमलचं फडकं बांधून सकाळी पंधरा मिनिटं पाणी जाऊ द्या. फडक्यावर अळ्या दिसल्या तर टाकी उघडी आहे हे नक्की. मात्र काही दिसलं नाही म्हणजे टाकी बंद आहे असं नाही, कारण अळ्या वरच्या थरात राहतात आणि नळाचं पाणी तळातून येतं.

आग विझवण्यासाठीची टाकी, कारंजं किंवा वापरात नसलेला हौद झाकता येत नसेल तर गप्पी मासे सोडता येतात. ते स्थानिक आरोग्य विभागाकडे मागून पाहा. पिण्याच्या, क्लोरीन घातलेल्या टाकीत मासे टाकू नका, आणि कूलरमध्ये तर नाहीच.

एका बिल्डिंगचा हिशेब

समजा चार मजली इमारत आहे आणि चोवीस फ्लॅट आहेत. रविवारी तिघांची टोळी दारोदार फिरली. एकवीस घरं उघडी मिळाली, तीन बंद. एकवीस घरांत मिळून अठरा कूलर, त्यांतल्या अकरांत पाणी आणि चारांत अळ्या. शिवाय दोन घरांत मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या होत्या, एका घरी फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. गच्चीवरच्या चार टाक्यांपैकी एकीचं झाकण सरकलेलं. म्हणजे घरांत अळ्या सापडलेली ठिकाणं सात, आणि त्यांतली जास्तीत जास्त कूलरमध्ये. पुढच्या रविवारी त्याच सात ठिकाणांपासून सुरुवात करायची. त्यांपैकी दोन जागी पुन्हा अळ्या सापडल्या तर तिथे भिंती घासल्या नाहीत, नुसतं पाणी बदललं, असं समजायला हरकत नाही. नव्या ठिकाणी सापडल्या तर कुठे तरी झाकण उघडं राहिलंय.

अवघड भाग त्या तीन बंद घरांचा. मालक पुण्याला किंवा परदेशात, कूलर मात्र तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकलेला. खालून टॉर्च मारून आतलं पाणी दिसत नाही. सेक्रेटरीनं मालकाला फोन करून, मग मेसेज करून लेखी परवानगी घ्यावी आणि किल्ली शेजाऱ्याकडे असेल तर दोन समिती सदस्यांसमोर कूलर रिकामा करावा. मालक दाद देत नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. पाणी साचवून डास होऊ देणाऱ्यांना नोटीस आणि दंड करायचा अधिकार त्यांच्याकडे असतो. दार फोडणं किंवा खिडकीबाहेरून मुलाला चढवणं, हे करू नका.

लोक हमखास विचारतात

"फवारणी कधी येणार?" धूर हवेतल्या डासांना लागतो, तोही थोडा वेळ. भिंतीवरची अंडी, पाण्यातल्या अळ्या आणि पलंगाखाली, पडद्यामागे दडलेल्या एडिसला त्याचा फारसा धक्का बसत नाही. रुग्ण सापडल्यावर त्याच्या आसपास धूर करण्याला अर्थ आहे. कूलर घासायचे सोडून धुराची वाट पाहण्याला नाही.

"कूलरमध्ये रॉकेल टाकू का?" पूर्वी असा सल्ला देत असत, आणि तेलाचा थर बसला की अळ्या गुदमरतात हे खरंच आहे. पण वीज आणि पंखा असलेल्या यंत्रात तेल ओतायला सांगणं मला पटत नाही. रिकामा करता येणाऱ्या भांड्यात त्याची गरजही नाही.

"ते लोक औषध टाकून गेले होते ना?" आरोग्य कर्मचारी टाकतात ते टेमिफॉस, त्याला बोलताना अॅबेट म्हणतात. ते अळ्यांवर चालतं, अंड्यांवर आणि कोषांवर नाही. आणि पाणी उपसलं की औषधही गेलं. त्याची मात्रा त्यांनीच ठरवायची, बाजारातून आणून अंदाजानं टाकायचं नाही.

"आमच्याकडे एसी आहे." मग एसीच्या पाइपाखालची बादली पाहा. बाल्कनीत ठेवलेली ती बादली आठवडाभर कुणी हलवत नाही.

सभा संपताना ठरवायचं ते

वेळ रविवारी सकाळी दहाची, कारण त्या वेळी माणसं घरी असतात. मजल्यावर एक जण जबाबदार, त्यानं दर आठवड्याला ग्रुपवर एवढंच लिहायचं: मजला, पाहिलेली घरं, बंद घरं, अळ्यांची ठिकाणं. फ्लॅट नंबर टाकायचे नाहीत. दोन ब्रश आणि एक टॉर्च सोसायटीच्या खर्चातून घेऊन वॉचमनच्या खोलीत ठेवा, म्हणजे साधन नाही ही सबब उरत नाही.

तापाबद्दलही थोडं बोला, पण लांबवू नका. कुणाला अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं आणि अंगदुखी असेल तर डॉक्टरकडे जायचं. रक्ततपासणीत पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, म्हणजे विषाणूचं प्रथिन पाहतात, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापातल्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर त्याला चावलेला डास पुढचं काम करतो. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस गळून गेला, तर ते बरं होण्याचं लक्षण समजू नका, त्याच वेळी दवाखान्यात न्या. आणि सेक्रेटरीला कळवा, म्हणजे त्याच दिवशी त्या मजल्यावरचे आणि वरच्या-खालच्या मजल्यावरचे कूलर पुन्हा पाहता येतील.